शेरा क्रमांक सतरा

दुसऱ्याच्या वेळापत्रकावर शंका घेणं हे माझं काम. सरकारी इमारतीचा ठेका दिला की ठेकेदारानं महिनाभरात एक प्रोग्राम सादर करायचा असतो. कोणतं काम किती दिवसांत, कशानंतर काय, आणि आठवड्यातले कोणते दिवस कामाचे. त्याला बेसलाइन म्हणतात, कारण पुढची सगळी भांडणं त्या रेषेपासून मोजली जातात. बांधकाम विभागाच्या वतीनं तो प्रोग्राम तपासणाऱ्या सल्लागाराच्या कचेरीत मी बसतो. ग्वाल्हेरच्या इंदरगंजात, दुसऱ्या मजल्यावर, खाली घड्याळांचं दुकान आहे. तिथली घड्याळं एकमेकांशी कधीच जुळत नाहीत, पण त्यांच्यावर शेरे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही.

शेऱ्यांचा एक तक्ता असतो. क्रमांक, शेरा, ठेकेदाराचं उत्तर, आणि शेवटी एक छोटा रकाना: उघडा किंवा बंद. शेरा बंद झाला म्हणजे माझं समाधान झालं असं समजायचं. खाली माझी सही. आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्या दरबारी दफ्तरात कागदांवर शेरे मारत आल्या. ते शेरे कोणी वाचल्याचा पुरावा घरात नाही. दरबार राहिला नाही एवढं मात्र खरं.

त्या वर्षी आमच्याकडे एका सरकारी कन्याशाळेची नवी इमारत आली. जुनी इमारत दगडी पाटियांच्या, म्हणजे लांबलचक फरश्यांच्या, छताची होती आणि दोन खोल्यांमध्ये छताला टेकू लावलेले होते. ती पाडून त्याच जागी तीन मजले उभे करायचे. शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या मोठ्या बहिणीच्या वर्गमैत्रीण. दर्पण कॉलनीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. लहानपणापासून मी त्यांना ताई म्हणतो आणि त्या मला अरे-तुरे करतात. निवृत्तीला त्यांना वर्षही उरलं नव्हतं. ऑगस्टात एका दुपारी त्या आमचा जिना चढून आल्या, पाणी प्यायल्या, आणि त्यांनी माझ्या पडद्यावरच्या रंगीत पट्ट्यांकडे भाजीत अळी दिसावी तसं पाहिलं.

"हे बघ, तुझ्या पट्ट्या मला समजत नाहीत. तू तर सरळ सांग. माझ्या मुलींना कधी उठवणार?"

"ताई, अजून तपासतोय."

"मीटिंगमध्ये मला काय सांगितलं, ऐक. आधी मैदानात पत्र्याचे शेड. शेड झाले की सामान हलवायचं. सामान हललं की जुनी इमारत पाडायची. बरोबर?"

"बरोबर."

"हे त्यात लिहिलंय का?"

मी पाहिलं. शेडचं काम त्यात होतं, पस्तीस दिवसांचं. शाळा हलवणं होतं. पाडकामही होतं. पण शेड आणि शाळा हलवणं यांच्यामध्ये काही नव्हतं.

मी त्यांना समजावलं. या प्रोग्राममध्ये कामं नुसती ओळीनं लिहून चालत नाही, ती एकमेकांना बांधावी लागतात. साधारणपणे पहिल्या कामाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याला. मग पहिलं लांबलं की दुसरं आपोआप पुढे सरकतं. ज्याला काही बांधलेलंच नाही ते काम जिथे टाकलं तिथे पडून राहतं. शाळा हलवण्याचं काम ठेकेदारानं हातानं ऑक्टोबरातल्या एका तारखेला खिळ्यानं ठोकलं होतं. शेड होवोत न होवोत.

"म्हणजे विसरले?"

"विसरले असतील."

"विसरत नाहीत रे कोणी." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "शेड नाही झाले तर आम्हाला रेल्वे लाइनीपलीकडच्या शाळेत टाकतील. तिथे सकाळी त्यांची शाळा, दुपारी आमची. सुटायला साडेपाच. थंडीत साडेपाचला अंधार पडतो, आणि लाइनीखालचा तो बोगदा. पाचवी-सहावीच्या पोरी येतील, त्यांना कोणी ना कोणी आणेल. नववी-दहावीच्या एक्क्याऐंशी आहेत. त्यांना घरचे पाठवणार नाहीत. एकदा पोर घरी बसली की बसली. मग एकदम पत्रिकाच येते लग्नाची. मी सदतीस वर्षं पत्रिका घेतेय."

"मी बघतो, ताई."

"बघतो नको म्हणू. लिही."

"लिहितो."

तो शेरा क्रमांक सतरा झाला. 'तात्पुरत्या वर्गांचं काम पूर्ण झाल्याशिवाय शाळा हलवता येणार नाही. दोन्ही कामांमध्ये आवश्यक लिंक नाही. द्यावी. हातानं ठोकलेली तारीख काढावी.' इंग्रजीत हे जरा भारदस्त दिसतं.

बाकीचे शेरेही कमी नव्हते. चारशेहून जास्त कामांच्या त्या यादीत त्रेसष्ट कामांना पुढे किंवा मागे काहीच बांधलेलं नव्हतं. लिफ्ट आधी आणि तिचा खड्डा नंतर. पायाचं खोदकाम सहा दिवसांत होतं, आणि तेही पावसाळी माती असावी तसं; ग्वाल्हेरात दोन हात खोदलं की खडक लागतो हे इथल्या प्रत्येक नळवाल्याला ठाऊक आहे. स्लॅब ओतल्यावर दहाव्या दिवशी त्याच्या खालच्या खोलीत प्लास्टर सुरू होत होतं, जेव्हा त्या खोलीत टेकूंचं जंगल उभं असायला हवं. प्लास्टर तीस दिवस, फरशी तीस दिवस, खिडक्या तीस दिवस, रंग तीस दिवस. कुणीतरी मोजमाप न करता महिन्याच्या पगाराइतके दिवस सगळ्यांना सारखे वाटून टाकले होते.

आणि कॅलेंडरं. प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या कॅलेंडरवर चालतं: आठवड्याचे किती दिवस, रोजचे किती तास, सुट्ट्या कोणत्या. इथे तीन कॅलेंडरं होती आणि कोणतं कशासाठी याची एक ओळ कुठे नव्हती. पहिल्यात आठवड्याचे सातही दिवस काम आणि वर्षाला एकही सुट्टी नाही. दिवाळी नाही, होळी नाही, मार्चात कापणीला गावी जाणारे मजूर नाहीत, मे महिन्यातली दुपार नाही. दुसऱ्यात सहा दिवस, पण सातवा कोणता ते गुलदस्त्यात. तिसऱ्याचं नाव होतं 'भरती-ओहोटी'. त्यात कामाचे तास रोज थोडे थोडे पुढे सरकत होते. ठेकेदाराच्या प्रोग्रामवाल्यानं कोकणातल्या कुठल्यातरी बंदरातल्या धक्क्याचं जुनं काम उघडून त्यावरच आमची शाळा बांधली होती. सगळ्यात जवळच्या समुद्रालाही जायला ग्वाल्हेरहून रात्रीची गाडी पकडावी लागते, आणि तीही पुरत नाही.

एकूण एकेचाळीस शेरे झाले. मी ते पाठवले, आणि त्याच आठवड्यात भूमिपूजन झालं.

भूमिपूजनाचं मला नेहमीच अप्रूप वाटतं. ज्या जमिनीत काय आहे हे कोणी तपासलेलं नाही तिच्यावर एवढी फुलं. मांडव होता, हार होते, चांदीची म्हणून सांगितलेली थापी होती, आणि मंचाच्या मागे माझा प्रोग्राम होता. म्हणजे ठेकेदाराचा. त्यानं तो भिंतीएवढ्या फ्लेक्सवर छापून आणला होता, हिरव्या-निळ्या-लाल पट्ट्यांसह, भरती-ओहोटीसकट. भूमिपूजनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी त्याच्याकडे हात करून विचारलं, "इसमें छत कौन सी है?" ठेकेदारानं अदबीनं एका पट्टीवर बोट ठेवलं. ती मैदानातल्या झाडांची होती. पाहुण्यांनी मान डोलावली आणि माइकवरून इमारत पूर्ण होण्याची तारीख जाहीर केली. टाळ्या पडल्या. मुलींना टाळ्या वाजवायला तासभर आधी बसवून ठेवलं होतं. ताई मागे उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मुलींचा आवाज कमी झाला तेव्हा डोळ्यांनी दटावलं. नोकरी ही नोकरी.

शेऱ्यांवरची बैठक चार दिवसांनी विभागाच्या कार्यपालन यंत्र्यांच्या, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांच्या, खोलीत झाली. हे साहेब वाईट गृहस्थ नाहीत. मला ते 'भाऊसाहब' म्हणतात, जसं इथे सगळ्याच मराठी माणसांना म्हणतात, आणि चहात साखर कमी टाकायला सांगतात. ठेकेदार स्वतः आले होते. त्यांचा प्रोग्रामवाला बाहेरगावच्या मुख्य कचेरीतून फोनच्या स्पीकरवर होता. पन्नाशीचा, दमलेल्या आवाजाचा माणूस. अकरा साइटींचे प्रोग्राम एकटा करत होता, आणि त्यानं ग्वाल्हेर कधी पाहिलेलं नव्हतं.

"ये भरती-ओहोटी क्या है भाई?" साहेबांनी विचारलं.

"सर, वो टेम्पलेट से आ गया होगा," फोन म्हणाला.

"हमारे नाले में ज्वार आता है क्या? भाऊसाहब, आपने कभी देखा?"

"बरसात में आता है साहब. जाता नहीं है."

सगळे हसले. ठेकेदार जास्त हसले. एकेचाळीसपैकी तेवढा एकच शेरा खोलीतल्या सगळ्यांनी वाचला होता. पाच मिनिटं त्यावर गेली आणि बैठक खेळीमेळीची झाली. मग मी सतरावर बोट ठेवलं.

"साहब, ये लिंक लगेगी तो शेड बनने तक स्कूल नहीं हटेगा. तोड़ना पाँच हफ्ते आगे जाएगा. और आखिरी तारीख भी."

खोलीतलं हसू ओसरलं. ठेकेदारांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं.

"भाऊसाहब, आप टिप्पणी जितनी चाहें लिखिए. तारीख मत हिलाइए. तारीख मंच से बोली जा चुकी है."

"तारीख मैं नहीं हिला रहा, साहब. वो तो—"

"तो देख लेंगे," ठेकेदार म्हणाले. "सत्रह नंबर में लिंक चाहिए न इनको? दे देंगे लिंक. क्यों भाई?"

"जी सर," फोन म्हणाला. "कर दूँगा."

दुसरी आवृत्ती आली. एकेचाळीस उत्तरांपैकी तीस एकसारखी होती: 'नोंद घेतली. पालन केले.' पालन झालं नव्हतं. मी परत पाठवली. तिसरी आवृत्ती सप्टेंबरच्या शेवटी आली. करारानुसार तपासायला चौदा दिवस असतात. त्यात शेरा गेला नाही तर प्रोग्राम मान्य झाला असं धरतात. चौदाव्या दिवशी दुपारी मी ती तपासायला घेतली, कारण पहिले तेरा दिवस दुसऱ्या दोन इमारतींच्या शेऱ्यांत गेले.

खोदकाम सहाचं अठरा दिवस झालं होतं. टेकू आता पंधरा दिवस उभे राहत होते. कॅलेंडरं दोनच उरली होती आणि एकाचं नाव होतं 'ग्वालियर'. पुढचं-मागचं बांधलेलं नाही अशा कामांची संख्या सॉफ्टवेअर स्वतः मोजून देतं. मी बटण दाबलं. शून्य. त्रेसष्टवरून शून्य. शेरा सतरा: शाळा हलवण्याच्या ओळीत मागच्या कामाच्या रकान्यात शेडचा क्रमांक स्वच्छ दिसत होता. उत्तर होतं, 'लिंक दिली.' मी रकान्यात 'बंद' लिहिलं.

आता हे लिहिताना मला स्पष्ट दिसतं की त्या दुपारी एक प्रश्न खोलीच्या मध्यभागी उभा होता. लिंक लागली, तर शेवटची तारीख पाच आठवडे का हलली नाही? बैठकीत हे मीच सांगितलं होतं. पण मला तो प्रश्न पडला नाही. कुठेतरी दुसरीकडे दिवस वाचवले असतील असं मी धरून चाललो, आणि वाचवले होते का ते पाहिलं नाही. मंचावरच्या हारांना हसणारा मी माणूस, शून्यावर भुललो. माझे शेरे कोणीतरी पाळले होते. घराण्यात पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी ताई पाटणकर बाजारात कागदाच्या दुकानात भेटल्या. हजेरीपट घेत होत्या. मी म्हटलं, "ताई, झालं. शेड आधी. प्रोग्राममध्ये बसवलं."

"खरंच?"

"सहीसकट."

त्यांनी दुकानदाराला आणखी चार हजेरीपट काढायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शनिवारी पालकांची मीटिंग आहे. सांगू ना त्यांना?"

"सांगा की."

त्यांनी सांगितलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. ताई चिडल्या की त्यांचा आवाज शांत होतो.

"मान्य प्रोग्रामनुसार सात दिवसांत इमारत रिकामी करा असं पत्र आलंय. मैदानात शेडसाठी खड्डे खणलेत. सोळा खड्डे. मोजले मी. हे काय आहे?"

मी प्रोग्राम उघडला. मागच्या कामाचा रकाना साधारणपणे फक्त क्रमांक दाखवतो. लिंक कुठल्या जातीची आहे ते दाखवणारा वेगळा रकाना असतो, तो आपण मागवला तरच दिसतो. मी तो मागवला. शेडची शेपटी कशालाच बांधलेली नव्हती. त्यांनी डोक्याला डोकं बांधलं होतं: शेडचं काम सुरू झालं की तीन दिवसांनी शाळा हलवायला सुरुवात. खड्डे खणले गेले, तीन दिवस झाले. सॉफ्टवेअरच्या मोजणीत लिंक ती लिंक. शेडचं पूर्ण होणं कुठेही पोचत नव्हतं आणि मोजणी शून्य दाखवत होती. प्रत्येक नवशिक्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: क्रमांक बघू नका, जात बघा.

तेवढ्यावर थांबलो नाही, 'ग्वालियर' कॅलेंडरही उघडलं. त्यातले तास रोज थोडे थोडे पुढे सरकत होते. भरती-ओहोटीचं नुसतं नाव बदललं होतं.

मी त्याच दुपारी साहेबांकडे गेलो. त्यांनी तक्ता काढला, सतरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळवला. 'बंद'. खाली माझी सही, नेहमीसारखी टापटीप.

"भाऊसाहब, बंद तो आपने ही किया है."

"गलती हुई साहब. मैं लिखकर देता हूँ. इसे फिर से खोलिए."

"खोल दूँ, फिर? बेसलाइन मान्य हो चुकी है. उसमें लिखा है जगह इस तारीख को मिलेगी. मैं स्कूल को रोकूँ तो ठेकेदार कल चिट्ठी देगा कि विभाग ने जगह नहीं दी, एक-एक दिन आगे जोड़ो. फिर ऊपर से मुझे पूछेंगे कि तारीख किसने हिलाई. मैं क्या कहूँ, भरती-ओहोटी ने?"

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मान्य झालेल्या बेसलाइनमध्ये जागा द्यायची तारीख विभागाच्या गळ्यात असते. मी त्यांना मुलींचं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. त्यांनाही दोन मुली आहेत. "आप चिट्ठी दीजिए," ते म्हणाले, "मैं आगे बढ़ा दूँगा." मी पत्र दिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं: बदल पुढच्या सुधारित प्रोग्राममध्ये विचारात घ्यावा. तोवर शाळा हलली होती.

त्याआधी मी फोनवाल्या माणसाशीही बोललो होतो. तो भांडला नाही. "सर, लिंक तो है न टेक्निकली," असं आधी म्हणाला. मग म्हणाला, "मुझे बोला गया था तारीख नहीं हिलनी चाहिए. मुझे लगा आप पकड़ लेंगे. आपके कमेंट अच्छे थे."

त्या माणसाचं वाक्य कुठे ठेवू ते मला अजून कळलेलं नाही.

हलवण्याच्या दिवशी मी गेलो. जायला नको होतं. मोठ्या मुली बाकं उचलून टेम्पोपर्यंत नेत होत्या, एका बाकाला चौघी, आणि मधूनमधून बाक खाली ठेवून त्यावरच बसून हसत होत्या. नकाशे गुंडाळले होते. घंटा काढायला शिपायाला वेळ लागला, तिचा हुक दगडात होता. शेवटी तो तसाच सोडून घंटा तेवढी काढली. ताई फाटकापाशी यादी घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येक बाकावर टिक करत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पाणी घे. उन्हात उभा नको राहू." बाकी काही नाही. मैदानात सोळा खड्डे होते आणि एकात कोणीतरी पडू नये म्हणून बाभळीची फांदी खोचली होती.

पाडकाम प्रोग्राममध्ये बारा दिवसांचं होतं. ते सात आठवडे चाललं. छताच्या पाटिया एकेक करून हातानं उतरवाव्या लागल्या, कारण तो दगड सरकारी मालमत्ता होता आणि त्याची गणती व्हायची होती. शेडसाठी म्हणून आलेले मजूर त्याच कामावर लावले. मग खोदायला घेतलं आणि खडक लागला. जी तारीख हलू नये म्हणून हे सगळं झालं, ती डिसेंबर संपायच्या आतच निकालात निघाली. तिच्यासाठी कोणी मांडव घातला नाही. फ्लेक्स मात्र होता. शेडचे खांब उभे झाले होते, पत्रे नव्हते, आणि चौकीदारानं तो फ्लेक्स दोन खांबांना बांधून आडोसा केला होता. छताची म्हणून दाखवलेली पट्टी बरोबर त्याच्या खाटेवर यायची.

संक्रांतीच्या आसपास मी लाइनीपलीकडच्या शाळेत गेलो. साडेपाच वाजून गेले होते, आकाश राखी झालं होतं, गारठा चांगलाच होता. ताई व्हरांड्यात शाल घेऊन बोगद्याकडे तोंड करून उभ्या होत्या. शाळा सुटली की शेवटची मुलगी बोगद्यापलीकडे जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहत. मी मिठाईच्या दुकानातून तिळाच्या रेवड्यांचा पुडा नेला होता. तो त्यांनी हातात घेतला, उघडला नाही.

"चौतीस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नववी-दहावी मिळून. आज चौतीस होत्या. काल छत्तीस. दोन पत्रिका आल्यात, एक फेब्रुवारीची आहे. मी घरी जाऊन आले सगळ्यांच्या. चहा देतात, बसवतात. आई म्हणते, मॅडम, आप ही ने बोला था शेड बनेगा. मी काय बोलू?"

मला वाटलं होतं की शेरा मीच बंद केला हे त्यांना माहीत असेल. तक्त्याची प्रत त्यांनी विभागाकडून मागून घेतली होती, असं साहेब म्हणाले होते.

"तो कागद वाचला मी," त्या म्हणाल्या. "सतरा नंबर. तू अगदी व्यवस्थित लिहिलं होतंस. ते वाचून बरं वाटलं मला. निदान कोणीतरी म्हटलं होतं."

"ताई, शेवटचा रकाना पाहिलात?"

"तो काय, बंद. मला वाटलं त्यांनी बंद केला."

"तो मी करतो. मीच केला. त्यांनी लिंक उलटी दिली होती, मी नुसता क्रमांक बघितला. जात बघितली नाही. बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं."

एक मालगाडी गेली. बोगद्याच्या तोंडाशी तीन मुली कानावर हात ठेवून थांबल्या आणि गाडी संपल्यावर आत शिरल्या.

"वाचलं नाहीस?"

"वाचलं. पुरतं नाही वाचलं."

"मी त्या आयांना सांगितलं होतं," ताई म्हणाल्या, "की तुम्ही काळजी करू नका, तिकडे आपला माणूस बसलाय."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पुडा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "हे घरी ने. वहिनीला दे. इथे पुरणार नाहीत, आणि थोड्यांना देऊन उगाच..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. कुलूप लावायला शिपाई आला होता.

सुधारित प्रोग्राम फेब्रुवारीत आला. यावेळी मी सगळे रकाने मागवले, प्रत्येक लिंकची जात पाहिली, कॅलेंडरचे तास पाहिले, पूर्ण चार दिवस घेतले. फार चांगला प्रोग्राम होता. खडक होता, होळी होती, मार्चातली कापणी होती, मे महिन्याच्या दुपारी काम बंद होतं. सुटलेल्या लिंका शून्य, आणि यावेळी शून्य खरं होतं. इतकं खरं की मी शेडची ओळ शोधू लागलो, कारण तिची शेपटी कशाला बांधली ते मला पाहायचं होतं. ओळच नव्हती. शेडचं काम काढून टाकलं होतं.

मी एकच शेरा लिहिला. 'तात्पुरत्या वर्गांचं काम का वगळलं?' तीन दिवसांत उत्तर आलं, आणि पहिल्यांदाच ते 'नोंद घेतली' नव्हतं. 'विद्यार्थिनींची संख्या घटल्यामुळे दुसऱ्या शाळेतील वर्ग पुरेसे आहेत. गरज उरली नाही.' हे उत्तर शाळेच्या पटसंख्येशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. आकडे ताईंच्याच सहीचे होते.

ताई मेमध्ये निवृत्त झाल्या. समारंभ लाइनीपलीकडच्याच शाळेत झाला. मला निमंत्रण होतं. त्यांनी बहिणीच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मी निघताना शेजारच्या बाईंना माझी ओळख करून दिली, माझ्या मैत्रिणीचा भाऊ म्हणून. काय काम करतो ते सांगितलं नाही.

शेडचं काम का वगळलं हा शेरा मी बंद केलेला नाही. दर पंधरवड्याला नवा तक्ता निघतो आणि त्यात ती एक ओळ पुन्हा खाली उतरते. उत्तर तेच, रकान्यात 'उघडा'. परवाच्या बैठकीत साहेबांनी तिच्यावर पेन टेकवून विचारलं, "भाऊसाहब, इसमें अब क्या चाहिए आपको?" ठेकेदारही बघत होते. तिथे मागण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. मी म्हटलं, राहू द्या. साहेबांनी पान उलटलं.